गेमिंग कॅफेत अपडेटनंतर एरर आला तर आधी मोजा, किती पीसीवर आलाय

जळगाव-भुसावळ पट्ट्यात दहा-बारा पीसीचे गेमिंग कॅफे आता बरेच झालेत, आणि मला सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच प्रकारचे, "भो, काल अपडेट आलं आणि आज अर्धे पीसी गेमच चालू नाही करून राहिले." मग पोरं बाहेर उभी, मालक प्रत्येक पीसीवर जाऊन रिपेअर मारतोय, एकावर डिलीट करून पुन्हा डाउनलोड लावलंय, त्यामुळे बाकीच्यांचा पिंग वाढलाय, म्हणजे जे पीसी चालू होते तेही गेले. हे टाळता येतं आणि त्यासाठी फार खर्च नाही लागत. लागते ती अपडेट करायची एक ठरलेली पद्धत, आणि एरर आला तर तो नेमका कशाचा आहे हे ओळखायची सवय. मी १२ पीसीचा कॅफे धरून सांगतो, तुमच्याकडे ८ असो की २०, काम तेच.

सगळे पीसी एकदम अपडेट होऊच द्यायचे नाहीत

पहिलं काम, एक पीसी मास्टर ठरवा. मी त्याला PC01 म्हणतो. कुठलंही अपडेट आधी यावर, इथे चाललं तरच बाकीच्यांवर. मास्टर म्हणजे काउंटरवरचा बिलिंगचा जुना पीसी नाही, तर बाकीचे पीसी ज्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचे आहेत तसलाच एक. कॅफेत दोन लॉटचे पीसी असतील, म्हणजे ८ नवीन आणि ४ जुने, तर दोन मास्टर ठेवा, कारण नवीन कार्डावर गेम मस्त चालतो आणि जुन्यावर ड्रायव्हर मागतो असं नेहमी होतं.

दुसरं, नेटचा हिशोब करून बघा. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सगळं नीट असलं तरी सेकंदाला १२ एमबीच्या आसपास येतं. १० जीबीचं अपडेट एका पीसीवर पंधराएक मिनिटांत उतरतं, पण तेच १२ पीसीवर वेगवेगळं उतरवलं तर १२० जीबी झाले, म्हणजे तीन तास, आणि त्या तीन तासांत कोणी खेळूच शकत नाही. उलट कॅफेतला गिगाबिट स्विच सेकंदाला १०० एमबीच्या वर माल पोचवतो, तेच १० जीबी दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या पीसीवर जातात, अर्थात दोन्हीकडे एसएसडी असेल तर, हार्डडिस्कवर जास्त वेळ लागेल. म्हणून नेटवरून एकदाच उतरवायचं आणि पुढे लॅनवरून वाटायचं.

एक गोष्ट आधीच तपासा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रत्येक पीसीचा Link speed बघा, तिथे 1000/1000 (Mbps) पाहिजे. 100/100 दिसलं तर केबलची एखादी जोडी तुटलेली असते किंवा क्रिम्पिंग ढिलं असतं, नेट चालू दिसतं म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि मग त्या एका पीसीवर कॉपीला दहापट वेळ लागतो. केबल बदला, पुढचं सगळं सोपं होतं.

स्टीमसाठी सोय आयतीच आहे. Settings मध्ये Downloads मध्ये Game File Transfer over Local Network चालू करा. मास्टरवर ते Anyone वर ठेवा, कारण कॅफेत प्रत्येक पीसीवर वेगळा अकाउंट लॉगिन असतो आणि Only Me ठेवलं तर दुसऱ्या अकाउंटला फाइल्स मिळत नाहीत. मास्टरवर स्टीम चालू आणि लॉगिन असावं, गेम पूर्ण अपडेट झालेला असावा आणि त्या वेळी त्याच्यावर कोणी खेळत नसावं. मग बाकी पीसीवर अपडेट सुरू केलं की स्टीम जमेल तेवढं लॅनवरून ओढतं. त्याच Downloads मध्ये ऑटो अपडेटची वेळ ठरवता येते, ती पहाटेची ठेवा, म्हणजे संध्याकाळी सहाला गर्दीच्या वेळी काउंटर स्ट्राइक आपोआप अपडेट व्हायला नको.

व्हॅलोरंटला स्टीमसारखी सोय नाही आणि त्याचे पॅच तर साधारण दोन-दोन आठवड्यांनी येतच राहतात, म्हणून तिथे फोल्डर कॉपी करायचा. मास्टरवर पॅच उतरवा, तपासा, मग Riot Games हा फोल्डर लॅनवर फक्त वाचण्यापुरता शेअर करा, म्हणजे कोणत्याही पीसीवरून मास्टरच्या फाइल्स बिघडणार नाहीत. दोन्ही पीसीवर रायटचा क्लायंट पूर्ण बंद करा, खाली घड्याळाजवळच्या आयकॉनमधूनही बाहेर पडा, आणि ज्या पीसीवर न्यायचंय तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा:

```
robocopy "\\PC01\Riot Games\VALORANT" "D:\Riot Games\VALORANT" /MIR /R:2 /W:5 /MT:8 /LOG:D:\copy.log
```

यात /MIR म्हणजे मास्टरवर जे आहे तंतोतंत तेच इथे, जास्तीच्या फाइल्स उडतात. म्हणून दुसरा पाथ दोनदा वाचा, तिथे चुकून नुसतं D:\ राहिलं तर त्या ड्राइव्हवरचे बाकीचे गेम साफ होतील. /R:2 /W:5 मुद्दाम लिहिलंय, ते नसेल तर रोबोकॉपी एका अडकलेल्या फाइलसाठी दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं आणि तुम्हाला वाटतं कॉपी चालू आहे. संपल्यावर copy.log च्या शेवटी FAILED या रकान्यात शून्य आहे का बघा. शून्य नसेल तर तो पीसी गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. कॉपी झाल्यावर क्लायंट उघडून सेटिंगमधून व्हॅलोरंटचं Repair एकदा चालवा, म्हणजे क्लायंट त्या फाइल्स तपासून घेतो आणि काही राहिलं असेल तेवढंच नेटवरून घेतो.

व्हॅनगार्ड, म्हणजे व्हॅलोरंटचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर, मात्र कॉपी करायचं नाही. ते C:\Program Files\Riot Vanguard मध्ये असतं, विंडोज चालू होतानाच त्याचा ड्रायव्हर चढतो, ते प्रत्येक पीसीवर स्वतःचं स्वतः बसतं आणि अपडेट झालं की रीस्टार्ट मागतं. तो रीस्टार्ट तिथल्या तिथे द्या, सकाळसाठी ठेवू नका.

मास्टरवर तपासायचं म्हणजे नुसता मेन्यू उघडायचा नाही

मी बरेच कॅफेवाले बघितले, ते गेम उघडतात, लॉगिन होतं, झालं म्हणतात. क्रॅश तर मॅप लोड होताना येतो. म्हणून व्हॅलोरंट असेल तर रेंजमध्ये दहा मिनिटं आणि मग एक डेथमॅच पूर्ण, काउंटर स्ट्राइक असेल तर बॉट्ससोबत एक मॅच, मध्येच दोन-तीन वेळा डेस्कटॉपवर जाऊन परत, हेडफोनचा माइक चालतोय का तेही बघायचं. पॅचनंतर पहिल्या मॅचला थोडं अडकत अडकत चालतं, ते शेडर नव्याने तयार होत असतात म्हणून, दुसऱ्या मॅचला गेलं तर तो एरर नाही. पोरांनाही तसं सांगून ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत पीसी बदलून मागतात. दुसऱ्या-तिसऱ्या मॅचलाही तसंच राहिलं तर मग ड्रायव्हरकडे बघायचं.

आणि एका दिवशी एकच बदल. गेमचा पॅच आलाय त्याच रात्री ग्राफिक्स ड्रायव्हर नवीन टाकला आणि विंडोज अपडेटही होऊ दिलं, तर सकाळी काय बिघडलं ते कोणालाच सांगता येणार नाही. विंडोजचं मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. सगळ्या पीसीवर Pause updates लावून ठेवा, पाचेक आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, आणि पुढच्या आठवड्यात, गेमचा पॅच नसेल अशा दिवशी, आधी मास्टरवर सोडा. कायमचं बंद करून ठेवू नका, त्यानेही पुढे अडतं. ड्रायव्हरचं म्हणाल तर गेम मागत नाही किंवा क्रॅश होत नाही तोपर्यंत हात लावायचा नाही, आणि जो ड्रायव्हर नीट चालतोय त्याची सेटअप फाइल D:\Driver मध्ये जपून ठेवायची, कारण परत मागे जायची वेळ येते तेव्हा नेमका तोच व्हर्जन शोधत बसावं लागतं.

फ्रीज सॉफ्टवेअर असेल तर

बऱ्याच कॅफेत रीस्टार्ट केलं की पीसी होता तसा होणारं सॉफ्टवेअर असतं. चांगलं आहे, पोरांनी काहीही टाकलं तरी जातं. गेम D वर ठेवतात आणि D फ्रीज करत नाहीत, इथपर्यंत बरोबर. पण व्हॅनगार्ड C वर आहे, आणि C फ्रीज. मग काय होतं, पॅच आला, व्हॅनगार्डने नवीन फाइल टाकली, रीस्टार्ट मागितला, रीस्टार्टनंतर फ्रीजने जुनी फाइल परत आणली, गेमने पुन्हा अपडेट केलं, पुन्हा रीस्टार्ट मागितला. हे चक्र दिवसभर चालतं आणि मालक म्हणतो गेम खराब झाला. ओळखायची खूण सोपी आहे, रोज सकाळी तोच पीसी तोच रीस्टार्ट मागतोय आणि D वरच्या फाइल्स रिपेअरमध्ये ठीक निघताहेत. उपाय एवढाच, फ्रीज काढा, गेम उघडून व्हॅनगार्ड अपडेट होऊ द्या, रीस्टार्ट, पुन्हा गेम उघडून मॅचपर्यंत जाऊन बघा, आणि मगच फ्रीज लावा. पॅचच्या दिवशी हे करायचंच असं धरून चाला. रायटच्या क्लायंटच्या काही नोंदीही C:\ProgramData मध्ये असतात, त्यामुळे हे नुसतं व्हॅनगार्डपुरतं नाही.

आता एरर आलाच तर

रिपेअरचं बटण दाबायच्या आधी वही घ्या आणि लिहा, कोणत्या पीसीवर आला, कोणता कोड किंवा मेसेज, कोणत्या वेळेला, लॉगिनला की मॅच लोड होताना. मग मोजा.

सगळ्या पीसीवर एकच एरर असेल तर पीसीला हात लावू नका. गेमचा सर्व्हर, तो पॅच किंवा तुमचं नेट, तिन्हीपैकी एक आहे. एखाद्या पोराला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एक पीसी जोडून बघायला सांगा, चाललं तर नेट, नाही चाललं तर थांबा. अशा वेळी बारा पीसीवर गेम काढून पुन्हा टाकणारे लोक मी बघितलेत, तोपर्यंत गेमवाल्यांनी तिकडूनच दुरुस्त केलेलं असतं.

एकाच पीसीवर असेल तर तो पीसी. रनमध्ये `perfmon /rel` टाइप करा, तारखेवार लाल फुल्या दिसतात, त्यातली उघडली की कोणत्या फाइलमुळे क्रॅश झाला ते Fault Module Name मध्ये असतं. तिथे VCRUNTIME140.dll किंवा MSVCP140.dll असेल, किंवा गेम उघडतानाच ती फाइल सापडत नाही म्हणत असेल, तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घेऊन x86 आणि x64 दोन्ही टाका, त्या फाइल्स सुट्या कुठूनतरी उतरवून चिकटवू नका, 0xc000007b हा एरर बऱ्याचदा त्यातूनच जन्मतो. आणि स्टीमचं Verify integrity of game files दर वेळी त्याच पीसीवर काही ना काही खराब फाइल काढत असेल, आज दोन, परवा पाच, तर गेमला दोष देऊ नका. तिथे रॅम नाहीतर एसएसडी जात चाललीय. रॅम काढून संपर्क पुसून बसवा, मेमटेस्ट रात्रभर लावा, एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा. एका पीसीवर VAN 152 दिसला तर मात्र फॉरमॅट मारून काही होणार नाही, तो त्या हार्डवेअरवरचा बॅन आहे, कोणीतरी चीट वापरलंय. रायटच्या सपोर्टला लिहायचं आणि तोपर्यंत तो पीसी दुसऱ्या गेमला लावायचा.

सगळ्यात फसवे ते मधले, ना सगळ्यांवर ना एकावर. चार पीसी, पाच पीसी. तिथे विचारायचं, या चौघांत सारखं काय आहे?

भुसावळचा एक किस्सा पूर्ण सांगतो

कॅफे १२ पीसीचा, सगळ्यांवर विंडोज ११. रात्री व्हॅलोरंटचा पॅच मास्टरवर उतरला, तपासला, लॅनवरून सगळ्यांवर गेला, सगळे पीसी रीस्टार्ट होऊन चालू झाले. पहाटे लाइट गेली ती बराच वेळ आली नाही. सकाळी पीसी चालू केले तर चार पीसीवर VAN9003, बाकी आठ मस्त. मालकाचं म्हणणं, पॅचनेच केलं. आणि वाटतंही तसंच, काल चालत होतं, मध्ये फक्त पॅच झाला.

पण तेच पॅच तीच कॉपी आठ पीसीवर चालतेय. म्हणून चौघांत सारखं काय ते बघितलं, तर ते चारही जुन्या लॉटचे. दुसरी खूण, त्या चौघांचं घड्याळ आणि तारीख चुकलेली, त्यातल्या एकावर तर ब्राउझरही साइट असुरक्षित म्हणून अडवत होता. तारीख चुकली की सर्टिफिकेट जुळत नाही, लॉगिनही अडतं. मग रनमध्ये `msinfo32` उघडलं. BIOS Mode समोर UEFI होतं, पण Secure Boot State समोर Off. VAN9003 म्हणजे व्हॅनगार्डला विंडोज ११ वर सिक्युअर बूट चालू पाहिजे आणि ते बंद सापडलं.

ते बंद कोणी केलं? कोणीच नाही. मदरबोर्डवरची CR2032 बॅटरी संपलेली होती. एरवी पीसी बंद असला तरी प्लगमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यावर बायोसची सेटिंग टिकून असते, म्हणून बॅटरी मेलीय हे महिनोन्‌महिने कळत नाही. लाइट पूर्ण गेली, किंवा रात्री मेन स्विच पाडला, की सेटिंग उडते आणि बोर्ड कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातो, जिथे जुन्या बोर्डांत सिक्युअर बूट बंदच असतं. पॅच आणि लाइट एकाच रात्री आले म्हणून आळ पॅचवर. त्या पीसीवर आणखी एक तक्रार होती, अपडेटनंतर एफपीएस पडला. तेही यातच, बायोस रीसेट झाल्यावर रॅमचं XMP प्रोफाइल गेलं आणि ३२०० ची रॅम २१३३ वर चालत होती.

काम असं केलं. पीसी बंद, प्लग काढला, बॅटरी बदलली. जुनी मल्टिमीटरवर धरली, नवी ३ व्होल्टच्या वर दाखवते, ही बरीच खाली होती. बायोसमध्ये तारीख-वेळ लावली, CSM म्हणजे जुन्या पद्धतीने विंडोज उघडायचा पर्याय तो बंद, Secure Boot चालू, काही बोर्डांत त्याआधी फॅक्टरी की परत भरायचा पर्याय दाबावा लागतो तो दाबला, XMP चालू, सेव्ह. तीन पीसी चालू झाले. चौथ्याला मध्यंतरी सेकंडहँड बोर्ड टाकलेला होता, तिथे 9003 जाऊन VAN9001 आला, म्हणजे तिथे टीपीएम, विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, तेही बंद होतं. एएमडीच्या बोर्डात ते fTPM नावाने असतं, इंटेलच्या बोर्डात PTT, चालू केलं आणि `tpm.msc` मध्ये Specification Version 2.0 दिसतंय हे बघितलं. गेम सुरू. एकाही पीसीवर गेम पुन्हा टाकावा लागला नाही.

दोन सावधगिऱ्या. msinfo32 मध्ये BIOS Mode समोर Legacy असेल तर नुसतं CSM बंद करू नका, विंडोज उघडणारच नाही. आधी डिस्क GPT मध्ये बदलावी लागते. बॅकअप घ्या आणि अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी फक्त तपासणी करा:

```
mbr2gpt /validate /allowFullOS
```

ते पास झालं तरच /validate च्या जागी /convert, आणि त्यानंतर बायोसमध्ये UEFI. दुसरी, पीसीवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर टीपीएमची सेटिंग बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. कॅफेच्या पीसीवर त्याची गरज नसते, सेटिंगला हात लावायच्या आधी बंद करून घ्या.

खान्देशात वर्षाचं वेळापत्रक असं ठेवा

पॅच आला की रात्री कॅफे बंद झाल्यावर मास्टर, मग लॅनवरून बाकी, सगळे रीस्टार्ट, फ्रीज असेल तर परत लावणं. कॉपी चालू असताना लाइट गेली तर अर्धवट फाइल राहते, म्हणून मास्टर आणि स्विच यूपीएसवर ठेवाच, बाकीच्या पीसींना यूपीएस नसेल तर तीन-तीनच्या गटात कॉपी करा, म्हणजे लाइट गेली तरी तीनच पीसी पुन्हा करावे लागतील.

महिन्यातून एकदा विंडोजचं अपडेट, तेही मास्टरवरून सुरू करून. ड्राइव्हवर १५-२० टक्के जागा रिकामी आहे का बघा, पॅच उतरताना जुन्या-नव्या फाइल्स काही काळ दोन्ही लागतात आणि जागा कमी पडली की अपडेट मध्येच मरतं.

एप्रिल लागायच्या आधी धूळ काढणं आणि पंखे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, एसी नसलेल्या खोलीत ग्राफिक्स कार्ड तापून गेम बंद पडतो आणि तो क्रॅशही अपडेटच्या नावावर जातो. ओळख अशी, सकाळी चालतो, दुपारी दोन ते पाच क्रॅश होतो, आणि खिडकीजवळचे किंवा कोपऱ्यातले पीसीच जास्त. त्या वेळी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून आकडा वहीत लिहा, सकाळचा आणि दुपारचा.

आणि पावसाळ्याच्या आधी, लाइट जायचे दिवस सुरू व्हायच्या आत, तीन वर्षांपेक्षा जुन्या सगळ्या बोर्डांची CR2032 एकदम बदलून टाका. बदलल्यावर प्रत्येक पीसीच्या बायोस सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून पीसीच्या नंबरने ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सेटिंग उडाली तर काय होतं ते आठवत बसावं लागणार नाही आणि तुम्ही गावाला गेला असाल तर काउंटरवरचा पोरगाही फोटो बघून लावू शकतो.